बाहेरचा लूप दुप्पट होत जातो, आतला i पर्यंत चालतो: O(n) की O(n log n)?

विजापूररोड_अभि (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. सेकंड इयर कॉम्प्युटरला आहे, सोलापुरातच. युनिट टेस्टमध्ये खालचा कोड देऊन विचारलं होतं की बेसिक ऑपरेशन्स मोजून टाइम कॉम्प्लेक्सिटी काढा.

```c
int count = 0;
for (int i = 1; i <= n; i *= 2)
    for (int j = 1; j <= i; j++)
        count++;
```

मी लिहिलं: बाहेरचा लूप log n वेळा फिरतो, आतला जास्तीत जास्त n वेळा, म्हणून O(n log n). माझ्या रूममेटने O(n) लिहिलं आणि त्याला पूर्ण मार्क मिळाले, मला अर्धे. त्याला विचारलं तर म्हणतो "बेरीज केली". पण बाहेरचा लूप एकटाच log n वेळा फिरतो आणि आत आणखी एक लूप आहे, मग log n गेला कुठे? सूत्र नको, नक्की काय होतं ते कुणी दाखवाल का?

---

होटगीरोड (सोमवार, रात्री १०:०५)

भावा, तुझं उत्तर बरोबरच आहे, फक्त मांडायची पद्धत कच्ची आहे. आतल्या लूपची मर्यादा बदलत असेल तर "जास्तीत जास्त" न घेता सरासरी घ्यायची. i हा 1 पासून n पर्यंत जातो, म्हणजे आतला लूप सरासरी n/2 वेळा चालतो. बाहेरच्या फेऱ्या log n. गुणाकार केला की (n/2) log n, आणि ½ सोडून दिला की n log n. गेटच्या तयारीत मी असे सगळे प्रश्न सरासरीनेच सोडवतो आणि उत्तर जुळतं. रूममेटचा पेपर तपासताना नजरचूक झाली असणार.

---

चाटीगल्ली (सोमवार, रात्री १०:३०)

मी काही कॉम्प्युटरवाला नाही, टॉवेल आणि चादरींचा होलसेल धंदा आहे. पण हा प्रश्न माझ्याही कामाचा वाटला. आमच्या ऑफिसात एक्सेलमध्ये मॅक्रो आहे, एकच बिल दोनदा चढलंय का ते शोधतो. पुतण्याने लिहून दिला होता. त्यातही आतला लूप बाहेरच्यावर अवलंबून आहे: पहिलं बिल घेऊन खालच्या सगळ्यांशी ताडायचं, मग दुसरं घेऊन त्याच्या खालच्यांशी, असं. दोन हजार बिलांना साधारण अर्धा मिनिट लागायचा. यंदा चार हजारांच्या आसपास बिलं आहेत, तर मिनिटभरात व्हायला हवं, पण दोन मिनिटं घेतो. तुमच्या हिशेबाने हाही O(n) च ना? मग वेळ दुप्पट व्हायच्या ऐवजी चौपट का?

---

उत्तरकसबा (सोमवार, रात्री ११:१५)

अभि, log n कुठे गेला ते डोळ्यांनीच बघ. n = 16 घे आणि count++ प्रत्येक वेळी चालला की एक तारा काढ, बाहेरच्या प्रत्येक फेरीला नवी ओळ.

```
i=1   *
i=2   **
i=4   ****
i=8   ********
i=16  ****************
```

बाहेरच्या पाच फेऱ्या, म्हणजे log₂16 + 1. तो log तुझ्यासमोर आहे, उभा, ओळींच्या संख्येत. पण ओळी सारख्या लांबीच्या नाहीत. शेवटची ओळ १६ ताऱ्यांची. तिच्या वरच्या चारही ओळी मिळून १५ तारे, म्हणजे शेवटच्या ओळीपेक्षा एक कमी. एकूण ३१. आता n = 32 केलं तर खाली ३२ ताऱ्यांची एक ओळ वाढते आणि वरचं सगळं मिळून ३१ च राहतं. एकूण ६३. n कितीही वाढव, वरच्या सगळ्या ओळींचं ओझं मिळून शेवटच्या एका ओळीएवढंही होत नाही. त्यामुळे ओळी log n इतक्या असल्या तरी तारे 2n च्या आतच राहतात.

तू गुणाकार केलास तेव्हा पाचही ओळी १६ च्या धरल्यास, म्हणजे ८० तारे. त्यातले ४९ तारे काढलेच गेले नव्हते. हाच फरक n = 1024 ला बघ: खरी मोजणी २०४७, गुणाकाराने ११ × १०२४ म्हणजे ११२६४. n वाढेल तसं अंतर वाढतंच जातं, म्हणून "स्थिरांक सोडून दिला" असं म्हणून ते झाकता येत नाही.

n ही दोनची घात नसेल तरी हिशेब टिकतो. n पर्यंत बसणारी सर्वांत मोठी दोनची घात P धर. एकूण तारे 2P − 1. P हा n पेक्षा मोठा नाही, म्हणून एकूण 2n − 1 च्या वर जात नाही. आणि P हा n/2 पेक्षा मोठा असतोच, नाहीतर अजून एक दुप्पट बसली असती, म्हणून एकूण n च्या खालीही येत नाही. n आणि 2n यांच्या मध्ये अडकलेली मोजणी, म्हणजे Θ(n).

चाटीगल्ली साहेब, तुमचा मॅक्रो वेगळा आहे. उद्या सविस्तर लिहितो.

---

होटगीरोड (मंगळवार, सकाळी ८:२०)

सर, तारे मोजले, ३१ मान्य. पण मग सरासरीची पद्धत का फसली? i = 1 ते n, मर्यादा i, अशा साध्या लूपला ती चोख चालते. सरासरी (n+1)/2, गुणिले n, उत्तर n(n+1)/2. हे तर सगळीकडे हेच आहे.

---

रेवती_म (मंगळवार, सकाळी ९:१०)

मूळची सोलापूरचीच, सध्या पुण्यात नोकरी. होटगीरोड, सरासरी ही पद्धत चूक नाही, पण सरासरी कशाची घ्यायची ते तपासायला हवं. i++ असताना i हा 1 ते n मधली प्रत्येक किंमत एकदा घेतो, म्हणून मधली किंमत हीच सरासरी. i *= 2 असताना i फक्त 1, 2, 4, 8, 16 याच किमती घेतो. यांची सरासरी ३१ ÷ ५ म्हणजे ६.२ येते, ८ नाही. १०२४ ला तर २०४७ ÷ ११, म्हणजे १८६ च्या आसपास. तुझ्या n/2 ने ५१२ आले असते. i बहुतेक फेऱ्यांत लहानच असतो आणि शेवटच्या एक-दोन फेऱ्यांतच मोठा होतो, त्यामुळे सरासरी खाली ओढली जाते.

आणि खरी सरासरी काढायला आधी बेरीज लागतेच. बेरीज हातात आली की तीच एकूण मोजणी. मग तिला फेऱ्यांनी भागून पुन्हा फेऱ्यांनीच गुणायचं कशाला?

---

उत्तरकसबा (मंगळवार, दुपारी १:३०)

रेवतीताईंनी नेमकं सांगितलं. आता चाटीगल्ली साहेबांचा मॅक्रो.

तुमच्याकडे बाहेरचा लूप बिलं एकेक करत पुढे जातो, दुप्पट उडी मारत नाही. पहिलं बिल १९९९ बिलांशी ताडलं जातं, दुसरं १९९८ शी, तिसरं १९९७ शी. शेजारच्या ओळींत फक्त एकाचा फरक, त्यामुळे एकही ओळ बाकीच्यांना झाकून टाकत नाही, सगळ्याच ओळी जड. दोन हजार बिलांच्या जोड्या २००० × १९९९ ÷ २, म्हणजे १९,९९,०००. चार हजारांच्या ४००० × ३९९९ ÷ २, म्हणजे ७९,९८,०००. भागाकार करा, चारला टेकतो. अर्ध्या मिनिटाची दोन मिनिटं झाली ती इथेच.

पुतण्याने "खालच्याच बिलांशी ताडायचं" केलंय ते चांगलंच केलंय, प्रत्येकाला सगळ्यांशी ताडलं असतं तर काम दुप्पट झालं असतं. पण तो अर्धा वाचला तो कायम अर्धाच राहणार. बिलं दुप्पट झाली की वेळ चौपट, हे त्याने बदलत नाही. दोन्ही कोडमध्ये आतला लूप बाहेरच्यावर अवलंबून आहे, एवढ्यावरून काही ठरत नाही. बाहेरचा i कोणकोणत्या किमती घेतो आणि त्या प्रत्येक किमतीला आत किती काम होतं, यांची बेरीजच बघावी लागते.

---

चाटीगल्ली (मंगळवार, दुपारी ४:००)

समजलं. म्हणजे आठ हजार बिलं झाली तर आठ मिनिटं. मग उपाय काय? पुतण्या आता बंगळुरूला आहे.

---

रेवती_म (मंगळवार, संध्याकाळी ७:४५)

काका, जोड्या ताडायच्याच नाहीत. VBA मध्ये `Scripting.Dictionary` मिळते. एकेक बिल घ्यायचं, पार्टीचं नाव आणि बिल नंबर जोडून एक चावी करायची आणि ती आधीच आत आहे का ते `Exists` ने विचारायचं. असेल तर दुबार, नसेल तर आत टाकायची. प्रत्येक बिलाला एकच विचारणा, म्हणून बिलं दुप्पट झाली तर वेळही साधारण दुप्पट. दुसरं, पुतण्याने लूपच्या आत प्रत्येक वेळी शीटवरचा सेल वाचला असेल तर ते फार सावकाश चालतं. सगळा कॉलम सुरुवातीलाच एका अॅरेमध्ये उचलून घ्या. त्याने फेऱ्यांची संख्या बदलणार नाही, पण एकेक फेरी बरीच हलकी होईल. एक सांभाळा: नावापुढे जादा स्पेस असेल तर दोन्ही चाव्या वेगळ्या पडतील आणि दुबार बिल निसटेल. `Trim` करून घ्या.

---

विजापूररोड_अभि (मंगळवार, रात्री ९:३०)

सर, ताई, खूप आभार. ताऱ्यांवरून डोक्यात बसलं. मग म्हटलं रन करूनही बघू. n = 1000 ला count १०२३ आला. n = 1100 ला २०४७! n फक्त दहा टक्क्यांनी वाढला आणि count दुप्पट. उलट 1100 वरून 2000 केलं तरी २०४७ च. हे O(n) सारखं अजिबात दिसत नाही.

---

रेवती_म (मंगळवार, रात्री १०:१०)

कारण count पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. n १०२४ ला पोहोचेपर्यंत i = 1024 ही फेरी होतच नाही. ती झाली की एकदम १०२४ ची भर पडते आणि पुढे २०४८ येईपर्यंत काहीच बदलत नाही. म्हणून मधलेच दोन आकडे घेऊन ताडलं की फसायला होतं.

दोन गोष्टी कर. एक, n दरवेळी नेमका दुप्पट कर. दोन, दोन count ची तुलना एकमेकांशी करण्यापेक्षा count ÷ n छाप. कारण दुप्पट केल्यावर n चा count दुप्पट होतो आणि n log n चा दुपटीपेक्षा थोडासाच जास्त. तुझ्या गुणाकाराने n = 1024 ला ११२६४ आणि 2048 ला २४५७६, म्हणजे २.१८ पट. घड्याळ लावून वेळ मोजलीस तर २ आणि २.१८ मधला फरक मशीनच्या गडबडीत हरवून जाईल. count ÷ n मात्र स्वच्छ सांगतो: तुझ्या कोडला तो १ आणि २ च्या मध्येच घुटमळेल. n log n असता तर ११, १२, १३ असा चढत गेला असता.

---

होटगीरोड (मंगळवार, रात्री १०:४०)

म्हणजे नियम असा झाला का: सर्वांत आतल्या ओळीत जे आहे तेच बेसिक ऑपरेशन, ते किती वेळा चाललं तेवढं मोजायचं, बाकी सोडून द्यायचं? i *= 2, j <= i वगैरे मोजायची गरजच नाही?

---

उत्तरकसबा (बुधवार, सकाळी ७:३०)

या कोडमध्ये नाही. मोजायचंच म्हटलं तर n = 16 ला `j <= i` ही तपासणी ३६ वेळा होते, ३१ खऱ्या आणि दर ओळीला एक खोटी ठरून बाहेर पडणारी. `j++` ३१ वेळा, `i *= 2` पाच वेळा. सगळं मिळवलं तरी n च्या पटीतच राहतं, कारण जादाचं काम फक्त ओळींच्या संख्येइतकं, म्हणजे log n.

पण तो नियम म्हणून पाठ करू नकोस. हा कोड बघ. `deg[u]` म्हणजे u ला किती शेजारी जोडलेले आहेत.

```c
for (int u = 0; u < n; u++)
    for (int k = 0; k < deg[u]; k++)
        work++;
```

समज एक लाख बिंदू आहेत आणि त्यांच्यात फक्त ५०० जोडण्या. प्रत्येक जोडणी दोन्ही टोकांकडून एकदा मोजली जाते, म्हणून `work++` एकूण १००० वेळा चालेल. मग हा कोड हजार पावलांचा म्हणायचा का? नाही, कारण बाहेरचा लूप एक लाख वेळा फिरलाच, आणि बहुतेक वेळा आत डोकावून रिकाम्या हाताने परतला. ते डोकावणंही काम आहे. म्हणून ग्राफच्या अल्गोरिदममध्ये O(V + E) लिहितात, नुसतं E लिहीत नाहीत. ताऱ्यांच्या चित्रात म्हणायचं तर रिकाम्या ओळींचाही खर्च धरायचा. प्रत्येक ओळीत निदान एक तारा असेल तर ताऱ्यांत तो खर्च आपोआप येतो. ओळी रिकाम्या पडू शकत असतील तर तो वेगळा मिळवावा लागतो.

---

होटगीरोड (बुधवार, सकाळी ९:००)

V + E मध्ये V का असतो ते आज कळलं. तरी मार्कांबद्दल मी अभिच्या बाजूने आहे. बिग ओ ही वरची मर्यादा. 2n च्या आत असलेली मोजणी n log n च्या आतही असतेच. मग O(n log n) हे विधान खोटं कसं? खोटं नसेल तर मार्क का कापायचे?

---

उत्तरकसबा (बुधवार, दुपारी २:००)

विधान खोटं नाही, मान्य. पण त्याच न्यायाने O(n³) लिहिणाऱ्यालाही पूर्ण मार्क द्यावे लागतील. प्रश्नात "बेसिक ऑपरेशन्स मोजून" असं आहे. मोजून म्हटल्यावर मोजलेली बेरीज दिसायला हवी आणि उत्तर त्या बेरजेला घट्ट बसणारं हवं. मी तपासत असतो तर मीही अर्धेच दिले असते.

---

रेवती_म (बुधवार, रात्री ८:१५)

सर, इथे मी थोडी वेगळी आहे. प्रश्न काढणाऱ्याला घट्ट उत्तर हवं होतं तर Θ लिहायला हवं होतं. इंटरव्ह्यूमध्ये आम्ही बिग ओ म्हणतो आणि मनात Θ धरतो, ही सवय सगळीकडे पसरली आहे. पण त्याचा भुर्दंड दुसऱ्या वर्षाच्या मुलाला का?

---

विजापूररोड_अभि (बुधवार, रात्री ९:५०)

मार्कांचं जाऊ द्या, आता एक नवीन अडचण. रूममेटने मला हे दिलंय:

```c
for (long long i = 2; i <= n; i = i * i)
    for (long long j = 1; j <= i; j++)
        count++;
```

i च्या किमती 2, 4, 16, 256, 65536. ओळी आणखी कमी, शेवटची ओळ आणखी भारी. म्हणून मी Θ(n) म्हटलं. n = 65536 ला count ६५८१४ आला, n पेक्षा जरासाच जास्त. पण n = 65535 ला फक्त २७८! हा तर n च्या जवळपासही नाही.

---

उत्तरकसबा (बुधवार, रात्री ११:००)

`long long` घेतलंस ते बरं केलंस. int असता तर 65536 चा वर्ग त्यात मावला नसता.

रेवतीताईंनी सांगितलेली पायरीच इथे आहे, पण उंच. दुपटीच्या लूपमध्ये शेवटची दोनची घात n च्या निम्म्याहून मोठी असणारच, म्हणून पायरीची उंची जास्तीत जास्त दुप्पट आणि ती स्थिरांकात सामावते. इथे i एकदम वर्गावर उडी मारतो. n त्या वर्गाच्या एकनेच खाली असेल तर शेवटची ओळ फक्त √n ची, २५६ ची. एक पाऊल पुढे टाकलं की पूर्ण n ची. त्यामुळे count कधी √n च्या आसपास असतो, कधी n च्या. O(n) बरोबर आहे आणि त्याहून लहान वरची मर्यादा सगळ्या n साठी चालणार नाही. खालून Ω(√n). पण Θ(n) लिहिता येत नाही आणि Θ(√n) सुद्धा नाही.

---

होटगीरोड (बुधवार, रात्री ११:२०)

मग परीक्षेत हा आला तर लिहायचं काय? पर्यायांत तर एकच असणार.

---

रेवती_म (गुरुवार, सकाळी ८:४०)

पर्यायांत O(n) असेल तर तो. Θ(n) छापलेलं असेल तर मी प्रश्नावर हरकत घेईन आणि पुरावा म्हणून 65535 ची मोजणी जोडेन. सर कदाचित वेगळं म्हणतील.